आंबा कधी खाणार?

देवगडच्या बागायतदाराला पुण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येते, ‘दोन डझन हापूस पाठवा.’ बागायतदार पत्ता विचारतो, पैसे भरायला क्यूआर कोड पाठवतो आणि पेटी रवाना करतो. आठ दिवसांनी तक्रार येते, अर्धे आंबे हिरवेच आहेत आणि चार सडले. माझ्या पाहण्यात थेट विक्रीतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एका न विचारलेल्या प्रश्नात असतं. आंबा कधी खाणार आहात, हे कुणी विचारलेलंच नसतं.

पेटी वाशीच्या किंवा पुण्याच्या बाजारात जायची, तेव्हा या प्रश्नाशी बागायतदाराचा संबंध नव्हता. आंबा पिकवणं, नासका काढून टाकणं, तयार फळ गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं ही कामं व्यापारी आणि फळविक्रेता करत. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाज्या बाजार समितीतच विकण्याचं बंधन काढलं आणि मग मोबाइलवरून थेट विक्री वाढली. मधला माणूस गेला, पण त्याचं काम बागायतदाराच्या अंगावर आलं.

हिशोब उलटा मांडला की हे काम नीट कळतं. २०२५ ची अक्षय तृतीया ३० एप्रिलला, बुधवारी होती. समजा, त्या दिवसासाठी पुण्यातून दोन डझनांचे साठ खोके मागवलेत, म्हणजे १४४० फळं. एप्रिलअखेरच्या उकाड्यात नीट तयार झालेला हापूस काढल्यापासून पिकायला साधारण आठ ते दहा दिवस घेतो. म्हणजे काढणी २० तारखेच्या सकाळी व्हायला हवी. आदल्या आठवड्यात काढलेला आंबा सणापर्यंत उतरू लागेल आणि २५ तारखेला काढलेला ताटात हिरवा बसेल.

काढायचा तो ‘चौदा आणे’ तयार आंबा. कोकणात पक्वता अशी आण्यांत मोजतात आणि चौदा आणे म्हणजे साधारण ८५ टक्के. देठाजवळ खड्डा पडून फळाचे दोन्ही खांदे वर आले आणि गडद हिरवा रंग निवळला की तो तयार समजतात. शंका आली तर बादलीभर पाण्यात फळ सोडायचं. भरलेलं फळ बुडतं, कोवळं तरंगतं. कोवळा आंबा पिकताना सुरकुततो, त्याला गोडी येत नाही. याउलट झाडावर जास्त राहिलेल्या फळात साका होण्याची शक्यता वाढते. साका म्हणजे बाठीभोवतीचा पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून तो अजिबात दिसत नाही. हापूसचं हे जुनं दुखणं आहे. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर उन्हात पडून राहिलं तर ते आणखी वाढतं. म्हणून काढणी सकाळी दहा-साडेदहापर्यंत उरकून फळं लगेच सावलीत न्यायची आणि त्यांच्या अंगातली ऊब निघेपर्यंत ती पसरून ठेवायची.

काढताना झेला हवाच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या ‘नूतन झेल्या’ला पातं असतं. ते दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवून फळ कापतं आणि फळ जाळीत पडतं. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो. तो डाग पुढे काळा पडतो आणि तुटलेल्या देठातून कूज शिरते. पुण्यात दहाव्या दिवशी देठाकडून काळा पडत गेलेला आंबा दिसला, तर चूक बहुधा काढणीच्या सकाळी झालेली असते.

प्रतवारीत बाजाराची सवय आड येते. जुन्या लाकडी पेटीत मोठं फळ चार डझन मावे, लहान सहा-सात डझन, आणि त्या डझनांवरून प्रत कळे. शहरातल्या घराला यातलं काही उमगत नाही. त्यांच्या लेखी डझन म्हणजे बारा, पण १८० ग्रॅमचे बारा आणि ३०० ग्रॅमचे बारा यांत जवळपास दीड किलोचा फरक पडतो. म्हणून एका खोक्यात एकाच वजनाची फळं भरावीत, उदाहरणार्थ २५० ते २७५ ग्रॅम, आणि हे वजन काढणीच्या वेळचं आहे असं स्पष्ट लिहावं. पिकताना पाणी उडून फळ सुमारे दहा टक्के हलकं होतं. हे आधी सांगितलं नाही, तर घरातल्या काट्यावर ठेवलेला आंबा बागायतदाराला खोटं पाडतो.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण थेट विक्रीचा भाव ठरवताना ती सुटते. एका वजनाची १४४० निर्दोष फळं हवी असतील, तर त्याहून खूप जास्त आंबा झाडावरून उतरतो. लहान, डागी, ओरखडलेली फळं मागे उरतात आणि ती बाजाराला किंवा कॅनिंगला कमी भावात जातात. ऑर्डरच्या खोक्याची किंमत सगळ्या काढणीचा हिशोब धरूनच काढावी लागते.

भरणी २१ तारखेला. बाजूंना भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचा पेंढा किंवा कागदाचे कपटे घालून फळं रचायची, दोनच थरांत. भोकं हवीतच, कारण पिकणारा आंबा ऊब आणि ओल सोडतो. बंद खोक्यात ती कोंडली की साल काळवंडते आणि पुठ्ठा नरम पडून खालचं खोकं बसतं. खोक्यावर काढणीची तारीख, वजन आणि ‘अमुक ते अमुक तारखेत खा’ एवढं ठळक लिहायचं.

संध्याकाळी टेम्पो भरला की फोंडाघाट चढून कोल्हापूरमार्गे २२ ला सकाळी पुणे. रात्रीचा प्रवास उन्हापासून वाचवतो. दुसऱ्या दिवसाचा आंबा टणक असतो, घाटातले हिसके सोसतो. तोच सहाव्या-सातव्या दिवशी, अर्धा पिवळा असताना निघाला तर खालच्या थराचा चिखल होतो. म्हणून लांबचा प्रवास कच्च्याचाच. ज्या घरांना वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी पुण्यातच एखाद्या हवेशीर खोलीत पेंढ्याची आढी घालावी, रोज फळं चाळावीत आणि २८ तारखेला, रंग फिरला की पोचवावीत. तेव्हा फळाला फक्त शहरातलं अंतर कापायचं असतं. घाईने कार्बाइड वापरण्याचा मोह इथेच होतो. त्यावर कायद्याने बंदी आहे आणि त्याने फक्त साल पिवळी होते, आत आंबा कच्चाच राहतो.

साठ खोकी साठ गल्ल्यांत नेली तर गाडीभाडं नफा खाऊन टाकतं. एकेका सोसायटीची दहा-दहा खोकी जमली तरच गणित बसतं. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी, तेव्हा घरात माणूस असतो. दुपारी गेलेलं खोकं फाटकावरच्या केबिनबाहेर उन्हात पडून राहतं, आणि तिथले तीन तास आठवडाभराची काळजी वाया घालवतात.

घरी पोचल्यावरही काम संपत नाही. कच्चा आंबा कुणी फ्रिजमध्ये ठेवला, तर सुमारे १३ अंशांखाली त्याला थंडी बाधते, सालीवर डाग पडतात आणि तो नीट पिकतच नाही. खोकं उघडून फळं देठ खाली करून पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात पसरायची, दोन दिवसांआड पाहायची. वास सुटला आणि देठाजवळ हलकं दबू लागलं की फळ तयार. फ्रिजमध्ये ठेवायचं ते यानंतर. हे सगळं चार ओळींत लिहून खोक्यात ठेवणारे बागायतदार मी पाहिले आहेत. चिठ्ठीच्या शेवटी ते एक ओळ घालतात, ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात तेवढी फळं जास्त देऊ.’