वक्राखालची रंगवलेली जागा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या वाढ-तक्त्यानुसार पाच वर्षांच्या निरोगी मुलग्यांची सरासरी उंची 110 सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन सुमारे 4.6 सेंटिमीटर. या उंचींचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो. वक्राखालची सगळी जागा म्हणजे सगळी मुलं, म्हणजेच 100 टक्के, असं धरू.

आता पेन्सिल घ्या. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलन, म्हणजे साधारण 105.4 ते 114.6 एवढा पट्टा रंगवा. त्यात सुमारे 68 टक्के मुलं येतात. दोन-दोन विचलनं घेतली, तर पट्टा 100.8 ते 119.2 असा रुंदावतो आणि त्यात सुमारे 95.4 टक्के मुलं मावतात. उरले 4.6 टक्के. वक्र दोन्हीकडे सारखाच असल्याने प्रत्येक टोकाला त्यातले निम्मे, म्हणजे 2.3 टक्के येतात.

डावीकडच्या टोकातल्या मुलाची उंची वयाच्या मानाने खुंटलेली धरतात. एखादं निरोगी मूलही तिथे असू शकतं, म्हणून एकट्या मुलावरून घाईने निष्कर्ष काढू नये. समूहाचं मात्र वेगळं असतं: तिथे या टोकात 2.3 टक्क्यांहून खूप जास्त मुलं आली, तर तो निव्वळ योगायोग नसतो.

ही रीत घंटाकृती आलेखालाच लागू पडते. वजनाचा आलेख उजवीकडे लांबतो, त्यामुळे तिथे गणित आधी दुरुस्त करावं लागतं.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं आपापल्या वयाच्या उंचीच्या आलेखात त्या डाव्या टोकात सापडली. अपेक्षा होती 2.3 टक्क्यांची.