दम तयार, हाड कच्चं

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या गावातली मैदानं पहाटे पाचलाच भरून जातात. मुलांसाठी 1600 मीटर, मुलींसाठी 800 मीटर, दोघांसाठी 100 मीटर आणि गोळाफेक. आयुष्यात कधी सलग दोन मिनिटं न पळालेली मुलं-मुली एका सोमवारी बॅचला येतात आणि त्याच आठवड्यात रोज तीन किलोमीटर पळू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यातली बरीच जण मैदानाच्या कडेला बसून नडगी चोळताना दिसतात. “सर, नळ्या भरून आल्यात.” यावर ठरलेलं उत्तर मिळतं: नवीन आहेस, दुखणारच, पळून पळून मोकळं होईल. पहिल्या आठवड्यातल्या मांड्या-पोटऱ्यांच्या दुखण्याला हे उत्तर लागू पडतं. नडगीच्या दुखण्याला मात्र ते बरेचदा उलटं पडतं, कारण तिथे नुसता स्नायू आंबलेला नसतो. तक्रार हाडाची असते.

नडगीच्या हाडाची आतली कडा, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूची कडा, घोट्यापासून वर बोटाने चाचपत गेलं तर कातडीखाली सरळ लागते. नव्या धावपटूंचं नेहमीचं दुखणं याच कडेला, खालच्या अर्ध्या भागात असतं. पळताना पाऊल टेकतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून उलटा येतो. पण नडगीवर पडणारा भार त्याहूनही बराच मोठा असतो, कारण शरीर पुढे ढकलायला पोटरी आकसते आणि ती आकसताना हाडाला वरून-खालून दाबते. या दाबाखाली हाड प्रत्येक पावलाला किंचित वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण वाकतं. किलोमीटरभर सावकाश पळताना एकेका पायावर साधारण सहाशे पावलं पडतात. म्हणजे तीन किलोमीटरला अठराशे वेळा ते हाड वाकून सरळ झालेलं असतं.

हा त्रास हाडाला नवा नाही, आणि त्यावर त्याच्याकडे उपायही आहे. ज्या भागावर भार वाढला तो भाग हाड नव्याने बांधून घेतं. अडचण कामाच्या क्रमात आहे. रस्ता नवा करताना आधी जुना खणून काढतात आणि डांबर मागून पडतं, तसंच इथे चालतं. हाड पोखरणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात आणि त्यांचं काम तीनेक आठवड्यांत उरकतं. भरणाऱ्या पेशी मागून येतात आणि नवं हाड पक्कं व्हायला तीनेक महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा थोडं कच्चं असतं. पळायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच नडगी बोलू लागते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. त्याच वेळी हाडावरचं पातळ आवरण आणि त्याला चिकटलेल्या पोटरीच्या खोल स्नायूंचे धागेही ताणले जातात. दुखण्यात हाडाचा वाटा किती आणि आवरणाचा किती, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. उपाय दोन्हींवर एकच आहे, त्यामुळे आपण त्या वादात पडायचं कारण नाही.

घोळ होतो तो दमामुळे. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. पहिल्या दिवशी धाप लागणारी मुलगी विसाव्या दिवशी आरामात तीन किलोमीटर पळते. तिला वाटतं आपण तयार झालो, सरांनाही तसंच वाटतं, आणि वेग वाढवला जातो. तोही नेमका हाड सगळ्यात कच्चं असतं तेव्हा.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा वीस वर्षांची मुलगी आहे. आधीची सवय फक्त कॉलेजला चालत जाण्याची. बॅच लागल्यावर आठवड्याचे सहा दिवस रोज तीन किलोमीटर, बुधवारी आणि शनिवारी शंभर मीटरच्या फेऱ्या, आणि उशीर झाला तर शिक्षा म्हणून बेडूकउड्या. पळण्याचे झाले अठरा किलोमीटर, तेही शून्यावरून एका उडीत. पण नडगीला किलोमीटर कळत नाहीत, तिला कळतो एकेका आघाताचा जोर. शंभर मीटरची जोरकस धाव आणि बेडूकउडी यांत तो सावकाश पळण्यापेक्षा जास्त असतो. वहीत मात्र या दोन्ही गोष्टी कुणी लिहीत नाही. पहाटे चहा घेऊन उपाशीपोटी पळणं आणि वजन उतरावं म्हणून रात्री अर्धी भाकरी खाणं हेही धरा. पोटात पुरेसं अन्न नसेल तर हाड भरण्याचं काम आणखी रेंगाळतं. अशा मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ‘पळण्यामुळे होतं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवायला हवं. नडगीचा त्रास मुलींमध्ये जास्त आढळतो. ज्यांचं वजन जास्त आहे, तळवा उभं राहिल्यावर आतल्या बाजूला बराच खचतो किंवा हा त्रास पूर्वी होऊन गेलाय, त्यांनाही धोका अधिक असतो.

आता दुखणं नेमकं कोणतं ते पाहायचं. बसून अंगठ्याने आतली कडा खालून वर दाबत जा. दुखरा पट्टा लांब असेल, निदान तीन बोटं रुंदीइतका, आणि पळायला लागल्यावर सुरुवातीला ठणकून मग थोडा सैल पडत असेल, तर हा नेहमीचा त्रास. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, तिथे दाबल्यावर जीव कळवळत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल आणि त्याच पायावर एक उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायची. यात बऱ्याच जणांची फसगत होते ती एक्स-रेने. ताजी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मुलगी पुन्हा मैदानात उतरते. शंका असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडून एमआरआयबद्दल विचारून घ्यावं, आणि तोवर पळू नये. पळताना पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होत असेल, पाऊल बधिर पडत असेल आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं निवळत असेल, तर ते तिसरंच दुखणं, त्यालाही डॉक्टरच हवा.

आपल्या मुलीचा पट्टा लांब आहे, असं धरू. आधी पळणं, उड्या, दोरी, जिने सगळं बंद. साधं चालताना दुखायचं थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा आठवडा ते पंधरा दिवस. दम टिकवायला सायकल आहे, जिथे सोय आहे तिथे पोहणं आहे. बर्फाने दुखणं कमी वाटतं, बाकी तो काही दुरुस्त करत नाही. क्रेप बँडेजचंही तेच. दुखणं मारायची गोळी घेऊन पळणं हा सगळ्यात वाईट सौदा, कारण थांब म्हणून सांगणारा एकमेव आवाज आपणच बंद करतो.

याच दिवसांत पोटरीचं काम सुरू करायचं. पायरीच्या कडेला पुढचे पंजे ठेवून, भिंतीला हात लावून, गुडघे किंचित वाकवून टाचा सावकाश वर न्यायच्या आणि त्याहून सावकाश खाली आणायच्या. गुडघा वाकवला की पोटरीचा खोल स्नायू कामाला लागतो, आणि पळताना सगळ्यात जास्त भार तोच उचलतो. बारा-पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. दोन्ही पायांवर सोपं जाऊ लागलं की एका पायावर, मग पाठीला दप्तर अडकवून त्यात पाण्याच्या बाटल्या. या व्यायामात स्नायू आंबला तर चालेल, हाडाची कडा दुखता कामा नये.

चालणं बिनदुखीचं झालं की पळणं परत आणायचं ते तुकड्यांनी. एक मिनिट सावकाश पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. पळताना दहापैकी एक-दोन इतकंच जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काहीच नसेल, तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. सकाळी दुखलं तर मागच्या आठवड्याचंच पुन्हा. असं करत वीस मिनिटं सलग येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. वेगाला तोवर हात लावायचा नाही, आणि शंभर मीटरच्या फेऱ्या सगळ्यात शेवटी. दिवसाआडचा आग्रह एवढ्यासाठी की भार थोडा वेळ पडत राहिला की हाडाच्या पेशी त्याला प्रतिसाद देणं कमी करतात. विश्रांती मिळाली की त्या पुन्हा जाग्या होतात. रोजच्या लांब धावेने हाड त्या मानाने पक्कं होत नाही, झीज तेवढी साठते.

पावलाचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मैदानावर “पाय लांब टाक” असं ओरडून सांगतात. त्यामुळे पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे पडतं आणि धक्का वाढतो. सावकाश पळताना तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा. समजा चाळीस आलं. वेग तोच ठेवून ते बेचाळीसवर आणायचं, म्हणजे पावलं पाच टक्क्यांनी वाढली आणि लांबी तेवढीच घटली. पावलं वाढली म्हणजे आघातही वाढले, असं कुणी म्हणेल. पण भार थोडा कमी झाला की हाडाची झीज त्याहून कितीतरी जास्त कमी होते, त्यामुळे हा हिशेब फायद्यातच पडतो.

बुटांवर मी जास्त भर देणार नाही. तळ दबून एका बाजूला झिजलेले बूट बदलावेत, पायाला सोयीचे घ्यावेत. महागड्या बुटांनी नडगी वाचते असं दिसत नाही. मात्र सवय नसताना एकदम अनवाणी पळायला लागणं किंवा मातीवरून थेट डांबरीवर जाणं टाळावं. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, तेव्हा रोज एकाच बाजूने पळू नये.

राहतो तो भरतीच्या मुलांचा खरा प्रश्न: मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आहे, आता काय? पट्टा लांब असेल तर आठवड्यात दोनच दिवस थोडं पळावं, बाकी दम सायकलवर सांभाळावा, आणि पूर्ण 800 मीटर जोरात पळून बघण्याचा मोह फार तर एकदाच, चाचणीच्या दहा दिवस आधी. दुखणं नाण्याएवढ्या एका जागी असेल तर ही भरती सोडावी. ती चीर चाचणीच्या दिवशी आरपार गेली तर पायात रॉड पडू शकतो, आणि पुढच्या भरतीचं मैदानही हातचं जाऊ शकतं.