दोन पावत्या, एक दर

लखनौला हजरतगंजच्या एका बँकेत मामांबरोबर गेलो होतो. मामांची पाच लाखांची मुदत ठेव, मामींचीही पाच लाखांची. एकाच दिवशी केलेल्या, मुदत पाच वर्षे, दर 7 टक्के. पावत्या शेजारीशेजारी ठेवल्या तर एकीवर मुदतीअखेरची रक्कम 5,00,000 आणि दुसरीवर 7,07,389. "दर एकच, मग माझे दोन लाख गेले कुठे?" हा मामांचा प्रश्न. काउंटरवरची मुलगी हसली नाही. हा प्रश्न ती रोज ऐकत असावी. म्हणाली, "अंकलजी, ब्याज पर ब्याज तो तब मिलेगा न, जब ब्याज यहीं रहेगा."

मामांच्या अर्जावर तिमाही व्याजाच्या चौकटीत खूण होती. दर तीन महिन्यांनी 8,750 रुपये त्यांच्या बचत खात्यात येत होते, आणि वीस तिमाहींत तसे 1,75,000 येणार होते. हे सरळ व्याज. मामींच्या पावतीवर व्याज ठेवीतच मुरणार होते, म्हणजे चक्रवाढ.

```
सरळ व्याज            चक्रवाढ (तिमाही)
I = P × r × t / 100   A = P × (1 + r/400)^(4t)
                      I = A − P

P = 500000, r = 7, t = 5
I = 175000            I = 207389
```

P म्हणजे मुद्दल, r वार्षिक दर, t वर्षे, I व्याज, A शेवटी हाती येणारी रक्कम. 400 का? वर्षात चार तिमाही, म्हणून 7 टक्क्यांचा चौथा भाग, 1.75 टक्के, दर तिमाहीला लागतो. आणि घात 4t, कारण पाच वर्षांत तो वीस वेळा लागतो. आपल्याकडे बँका मुदत ठेवीवर चक्रवाढ बहुधा तिमाहीच धरतात. शाळेतल्या गणितासारखी वार्षिक धरली तर उत्तर पावतीशी जुळत नाही, थोडे कमी येते. सहा महिन्यांच्या आतल्या ठेवींवर मात्र साधारणपणे सरळच व्याज मिळते.

पहिल्या तिमाहीत दोघांत काहीच फरक नाही, दोघांचेही 8,750. दुसऱ्या तिमाहीत मामींचे व्याज 5,08,750 वर निघते, म्हणून 8,903. तिसरीत 9,059, चौथीत 9,217. वर्षअखेर मामींचे 35,930, मामांचे 35,000. 930 रुपयांसाठी कुणी बँकेत भांडायला जाणार नाही. पण पाच वर्षांनी हाच फरक 32,389 होतो, कारण मुरलेल्या व्याजावरही पुढचे व्याज चढत राहते.

तरी मामांचे पैसे बुडाले असे म्हणणे चूक आहे. त्या 8,750 मधून त्यांची औषधे आणि विजेचे बिल भागत असेल, तर ते पैसे कामी आले. तोटा होतो तो व्याज खर्च न करता बचत खात्यात पडून राहिले तर. मामांचे तेच होत होते. घरखर्च पेन्शनमध्ये निभत होता. बचत खात्यावर अडीच टक्के धरले आणि तिथलेही व्याज तिमाही जमा होते असे मानले, तर ते वीस हप्ते पाच वर्षांनी सुमारे 1,85,800 होतात. म्हणजे मामींपेक्षा साधारण 21,600 कमी.

उलट बाजूची एक फसगत आहे ती जाहिरातींतल्या 'यील्ड'ची. मामींच्या ठेवीचे एकूण व्याज 41.48 टक्के, त्याला पाचने भागले की 8.30 येते. हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला की सात टक्क्यांची ठेव सव्वाआठची वाटते. खरा वार्षिक परतावा 7.19 टक्के, आणि दोन ठेवींची तुलना त्यावरच करावी. मुदत वाढवली की भागाकाराचा आकडा आपोआप फुगतो: दहा वर्षांना तो 10 टक्क्यांवर जातो, दर मात्र सातच.

कराच्या बाबतीत चक्रवाढ ठेव थोडी अडचणीची आहे. पैसे पाच वर्षांनी हाती येणार असले तरी बँक दरवर्षी साचलेले व्याज आयकर खात्याला कळवते, आणि ते मर्यादेपलीकडे गेले तर टीडीएस त्या ठेवीच्या व्याजातूनच कापते. मग पुढची चक्रवाढ कमी रकमेवर होते आणि पावतीवरचा आकडा पुरता हाती येत नाही. ठेव मुदतीआधी मोडली तर दोघांनाही, जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही बहुधा दंड वजा होतो. मामांसारख्या ठेवीत जास्तीचे दिले गेलेले व्याज मग मुद्दलातून कापून घेतात.

पावती हातात आली की मुद्दल आणि मुदतीअखेरची रक्कम, हे दोनच आकडे आधी पाहा. दोन्ही सारखे असतील तर व्याज तुमच्या खात्यात येत राहणार आहे. ते तुम्हाला दर तिमाहीला खरोखर लागणार नसेल, तर काउंटर सोडण्याआधीच खूण बदलून घ्या.