कवळी पुढे का सरकते?

कवळी दिसायला छान, पण आठवड्याभरात बाई परत येतात. घास चावताना खालची कवळी पुढे सरकते आणि पुढच्या हिरडीवर जिभेकडच्या बाजूने जखम होते. विद्यार्थी लगेच तिथली कड घासायला घेतो. जखम तात्पुरती बरी होते, मग पुन्हा होते, कारण मुळात जबड्याची नोंदच चुकलेली असते.

दात असताना जबडा मिटायची जागा दातच ठरवतात. वरचे आणि खालचे दात जिथे सर्वांत घट्ट बसतात, ते मॅक्सिमम इंटरकस्पेशन. सेंट्रिक रिलेशनचा दातांशी संबंध नाही. कानाजवळच्या सांध्यात खालच्या जबड्याचे कॉन्डाइल खोबणीत वर-पुढे, समोरच्या उताराला टेकून बसलेले असतात आणि जबडा बिजागरीसारखा नुसता फिरतो, ती ही स्थिती. या स्थितीत दात टेकले की सेंट्रिक ऑक्लुजन. नैसर्गिक दातांच्या बहुतेक लोकांत हे आणि घट्ट बसण्याची जागा यांत थोडा फरक असतो आणि त्याने काही बिघडत नाही. दातच नसतील तर मात्र पुन्हा सापडेल अशी खुणेची जागा सेंट्रिक रिलेशनच. म्हणून कवळीत दोन्ही एकत्र आणतात.

या बाई कित्येक वर्षे पुढच्या हिरड्यांनीच चावत होत्या. नोंद घेताना सवयीने जबडा पुढे आला आणि दात त्या जागेवर बसले. आता जबडा मागे मिटला की दाढांचे उतार एकमेकांवर आपटतात आणि खालची कवळी पुढे ढकलली जाते.

ओळखायचे कसे? खालची कवळी दोन्ही बाजूंनी बोटांनी हिरडीवर धरा. जिभेचे टोक टाळूवर मागे न्यायला सांगा, हलकेच मिटवा आणि पहिल्या स्पर्शाला थांबवा. मग जोरात चावायला सांगा. कवळी सरकली, तर दोष सापडला.

तोंडात आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवून घासू नये, कारण हिरडी दबते, कवळी सरकते आणि खुणा फसव्या येतात. दात टेकण्याआधीच थांबवून मेणात किंवा तत्सम पदार्थात नवी नोंद घ्यावी आणि कवळ्या पुन्हा आर्टिक्युलेटरवर चढवाव्यात. फरक थोडा असेल तर वरच्या दातांचे मेसियल आणि खालच्यांचे डिस्टल उतार घासावेत. तो बराच असेल तर खालचे दात काढून नव्याने लावणे बरे. घासत राहिल्यास दाढा सपाट होतात.

मग गायडन्स. नैसर्गिक दातांत जबडा बाजूला नेला की सुळा दाढांना एकमेकींपासून दूर ठेवतो, हे चांगलेच. पण कवळीत एकट्या सुळ्यावर भार आला की दुसरी बाजू उचलते. म्हणून संतुलित मांडणीत जबडा सरकवताना दोन्ही बाजूंना दात टेकते ठेवतात. सांध्याचा उतार रुग्णाचा स्वतःचा असतो, तो बदलता येत नाही. पुढच्या दातांचा उतार आपण ठरवतो आणि तो कमीच ठेवावा.