घरातल्या घरात ठरलेला भाव

पाण्याचे पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. कारखाना हा एक विभाग, विक्री हा दुसरा, आणि दोघांचा नफा वेगळा मोजला जातो. एका पंपाला माल, मजुरी, वीज असा ६०० रुपये खर्च येतो. भाडे, पगार, घसारा यांचे वर्षाला २० लाख रुपये, म्हणजे १० हजार पंपांवर दर पंपाला २०० रुपये. विक्री विभागाचा वाहतूक-कमिशनचा खर्च १५० रुपये आणि बाजारभाव १,२०० रुपये. कंपनीला एका पंपामागे २५० रुपये, वर्षाला २५ लाख रुपये सुटतात.

आता कारखान्याने पंप विक्री विभागाला कितीला द्यायचा? या भावाला ट्रान्सफर प्राइस म्हणतात. तो १,००० धरला तर कारखान्याचा नफा २० लाख आणि विक्रीचा ५ लाख. ८५० धरला की आकडे बरोब्बर उलटतात. कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही, पण बोनस मात्र वेगळ्याच माणसांना मिळतो. म्हणून या बैठका एवढ्या तापतात.

अनेक ठिकाणी खर्चावर ठराविक टक्के, इथे २५, चढवून भाव ठरतो. वरचे १,००० तसेच आले. पण खर्च प्रत्यक्ष झालेला धरला, तर गंमत बघा. कारखान्यात माल वाया जाऊन ८०० चा खर्च ८८० झाला, की भाव १,१०० होतो आणि कारखान्याचा नफा २०० वरून २२० वर जातो! उधळपट्टीला बक्षीस. विक्री विभागाला पंपामागे ५० रुपये तोटा, आणि जाब त्यालाच. यावर उपाय आहे: वर्षारंभी ठरवलेल्या प्रमाण खर्चावर भाव बांधायचा, म्हणजे नासाडी कारखान्याच्याच खात्यावर राहते.

खरे नुकसान मात्र हिशेबात दिसतच नाही. समजा, कारखान्यात मशिन रिकामी आहेत आणि एक मोठा ग्राहक ९५० रुपयांनी २ हजार पंप मागतो. विक्री व्यवस्थापक १,००० अधिक १५० अशी बेरीज करून नकार देतो. त्याच्या जागी तो चुकत नाही. पण कंपनीचा जादा खर्च ६०० अधिक १५०, म्हणजे ७५० च आहे. पंपामागे २०० प्रमाणे ४ लाख रुपये गेले. न घेतलेल्या ऑर्डरची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ती पकडायची तर नाकारलेल्या चौकशांची यादी काढून त्यांवर दोन्ही विभागांचा फक्त जादा खर्च मांडून पाहावा लागतो.

मग भाव कायमचा ६०० ठेवावा? तर कारखाना दरवर्षी २० लाखांच्या तोट्यात दिसेल. शिवाय मशिन पूर्ण भरलेली असतील आणि बाहेरचे व्यापारी कारखान्याच्या दारातून ९०० ला पंप उचलत असतील, तर आत दिलेला प्रत्येक पंप कंपनीला ९०० लाच पडतो. तेव्हा तीच ९५० ची ऑर्डर नाकारणे बरोबर ठरते.