प्रत्येक खात्यावर चारच प्रयत्न

दोनशे कर्मचाऱ्यांची एक कंपनी आहे. सकाळी लॉग तपासताना विश्लेषकाला दिसतं, की रात्रीतून जवळजवळ प्रत्येक खात्यात शिरण्याचे चार प्रयत्न झाले आणि फसले. सगळे प्रयत्न एकाच आयपी पत्त्यावरून आलेले आहेत. एकही खातं लॉक झालेलं नाही. हा हल्ला कोणता? खाली चार पर्याय: ब्रूट फोर्स, डिक्शनरी अटॅक, पासवर्ड स्प्रेइंग, क्रेडेन्शियल स्टफिंग.

कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेत अशा घाटाचे प्रश्न हमखास भेटतात. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, म्हणजे एकेका प्रश्नाला सरासरी मिनिटभरच मिळतं. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ‘आठशे फसलेले प्रयत्न’ एवढंच भरतं आणि तो ब्रूट फोर्सवर खूण करून पुढे जातो. ते उत्तर चुकतं. का चुकतं, हे नीट समजलं तर या जातीचे निम्मे प्रश्न सुटतात, असं माझं मत आहे.

या गोष्टीतली सगळ्यांत बोलकी ओळ म्हणजे ‘एकही खातं लॉक झालेलं नाही’. ती वाचताना रिकामी वाटते, कारण ती न घडलेल्या गोष्टीबद्दल आहे. पण कंपन्यांमध्ये साधारण असा नियम असतो: पासवर्ड लागोपाठ पाच वेळा चुकला की खातं बंद, आणि शेवटच्या चुकीनंतर अर्धा तास शांत गेला की मोजणी पुन्हा शून्यावर. ब्रूट फोर्समध्ये हल्लेखोर एक खातं धरतो आणि त्यावर पासवर्डमागून पासवर्ड मारत राहतो. डिक्शनरी अटॅकही तसाच; फरक इतकाच, की वाटेल ती अक्षरं जुळवण्याऐवजी तो तयार शब्दांची यादी वापरतो. दोन्हींत पाचव्या चुकीला दार बंद होतं. इथे आठशे चुका होऊनही दारं उघडीच आहेत. म्हणजे समोरच्याला हा नियम ठाऊक होता, आणि त्याने प्रयत्नांची आखणी त्या नियमाच्या बेतानेच केली होती.

लॉगचा तुकडा समोर ठेवला की ती आखणी दिसते.

```
01:10:02  akale   FAIL  203.0.113.45
01:10:05  bjoshi  FAIL  203.0.113.45
01:10:08  cpatil  FAIL  203.0.113.45
...
01:50:02  akale   FAIL  203.0.113.45
01:50:05  bjoshi  FAIL  203.0.113.45
```

हे आडवं न वाचता उभं वाचावं. नावांच्या रकान्यात नाव दर ओळीला बदलतं. दोन प्रयत्नांत तीन सेकंद, म्हणजे दोनशे नावांची एक फेरी दहा मिनिटांत आटोपते. मग शांतता. १ वाजून ५० मिनिटांनी पहिल्या नावापासून दुसरी फेरी सुरू होते. म्हणजे `akale` या खात्यावरच्या दोन प्रयत्नांमध्ये चाळीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात चुकांची मोजणी शून्यावर येते. अशा चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत सगळ्यांवर एकच पासवर्ड वापरून पाहिला असणार, बहुधा `Welcome@123` सारखा सहज सुचणारा. दोनशे माणसांत एकाने तरी असा पासवर्ड ठेवला असेल, एवढ्याच भरवशावर हा हल्ला उभा असतो. ब्रूट फोर्सवाला एका कुलपाला हजार किल्ल्या लावतो; हा एक किल्ली घेऊन आळीतल्या प्रत्येक दाराशी जातो. याचं नाव पासवर्ड स्प्रेइंग.

पण इथे एक अडचण आहे, आणि चांगले विद्यार्थीही तिथेच अडखळतात. क्रेडेन्शियल स्टफिंगमध्येसुद्धा अनेक खाती आणि प्रत्येकावर थोडेच प्रयत्न, असंच चित्र दिसतं. फरक पासवर्डमध्ये आहे. स्टफिंगवाला अंदाज करतच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी संकेतस्थळावरून फुटलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याच्या हाती असतात आणि तो त्या जशाच्या तशा इथे लावून पाहतो, कारण लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. परीक्षेतल्या प्रश्नात ‘दुसऱ्या सेवेतून फुटलेली माहिती’ किंवा ‘तोच पासवर्ड इतरत्रही वापरला होता’ असा उल्लेख आला, की उत्तर तिकडे झुकतं. तसा उल्लेख नसताना आपण तो मनाने जोडू नये.

खऱ्या लॉगमध्ये हा निवाडा इतका सोपा नसतो, कारण टाइप केलेला पासवर्ड तिथे नोंदलेला नसतो. मग आडून ओळखावं लागतं. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद `4625` या क्रमांकाने होते आणि तिच्यात कारणाचा कोडही असतो. `0xC000006A` म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. `0xC0000064` म्हणजे या नावाचं खातंच नाही. कर्मचाऱ्यांची यादी मिळवून स्प्रेइंग केलेलं असेल तर पहिला कोड भरपूर दिसतो. बाहेरून आणलेल्या जोड्या ओतल्या असतील तर कंपनीत कधीच नसलेली नावंही बरीच येतात आणि दुसऱ्या कोडची संख्या वाढते. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. स्प्रेइंगवाल्यानेही नावं अंदाजानेच रचली असतील तर तो फसतो. त्याच पत्त्यावरून `4624`, म्हणजे यशस्वी लॉगिनची एखादी नोंद आहे का, हे मात्र सगळ्यांत आधी पाहायचं. आठशे अपयशांपेक्षा ती एक ओळ जास्त महत्त्वाची.

विद्यार्थी विचारतात, स्प्रेइंग हाही ब्रूट फोर्सचाच प्रकार नाही का? प्रश्न रास्त आहे. मायटर अटॅक या प्रसिद्ध वर्गीकरणात `T1110` या ब्रूट फोर्सच्या मथळ्याखालीच स्प्रेइंग आणि स्टफिंग पोटप्रकार म्हणून येतात. म्हणून पर्यायांत दोन्ही नावं असतील तेव्हा गोष्टीतला प्रत्येक तपशील ज्या नावाने उलगडतो तेच निवडायचं. ‘ब्रूट फोर्स’ म्हटलं तर न लॉक झालेली खाती तशीच अनुत्तरित राहतात.

नाव चुकलं तर उपायही चुकतो. ब्रूट फोर्स समजून कोणी लॉकची मर्यादा पाचावरून तीनवर आणली, तर या हल्ल्याला काहीच फरक पडत नाही. पासवर्ड विसरणारे कर्मचारी तेवढे अडकतात. इथे चुका खात्यागणिक न मोजता पत्त्यागणिक मोजायला हव्यात, सोपे पासवर्ड ठेवूच न देणारी यादी हवी, आणि पासवर्डनंतर दुसरी ओळख मागणारी मल्टि-फॅक्टर पद्धत हवी. स्टफिंगवरही ही दुसरी ओळख चालते, पण तिथे सोप्या पासवर्डांची यादी तोकडी पडते. फुटलेला पासवर्ड कितीही अवघड असू शकतो.

पत्त्यागणिक मोजण्यालाही मर्यादा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की ‘मिडनाइट ब्लिझर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन गटाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीपासून त्यांच्यावर पासवर्ड स्प्रेइंग केलं आणि चाचणीसाठीच्या एका जुन्या खात्यातून आत शिरकाव केला. त्या खात्याला मल्टि-फॅक्टर नव्हतं. हल्लेखोरांनी मोजकीच खाती निवडली, प्रयत्न थोडे ठेवले, आणि ते घरगुती इंटरनेट जोडण्यांच्या असंख्य पत्त्यांवरून विखरून पाठवले. परीक्षेतल्या प्रश्नात ‘एकाच आयपी पत्त्यावरून’ हा जो दुवा आयता मिळतो, तो इथे नव्हताच.