डब्याचा पत्रा आणि माझे चुकलेले गणित
(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष बी.ए.)

मॅक्सिमा-मिनिमाच्या प्रकरणातले एक उदाहरण गणिताच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी सोडवलेले असते. ठरावीक घनफळाचा, दोन्ही बाजूंनी बंद असलेला गोल डबा करायचा आहे. त्याला कमीत कमी पत्रा लागावा म्हणून उंची आणि त्रिज्या किती घ्यावी? परीक्षेत मला या उदाहरणाचे पूर्ण गुण मिळाले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र तेच उदाहरण मी खऱ्या पत्र्यावर सोडवले आणि नापास झालो. ते कसे झाले, हे गणित न घेतलेल्या मित्रांनाही कळेल अशा रीतीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मी बेलपाड्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे काही हिशेबाचे काम निघाले की घरचे मोठ्या विश्वासाने माझ्याकडे पाहतात. माझ्या मामांचे पनवेलला पत्र्याच्या कामाचे लहानसे दुकान आहे. त्यांच्याकडे एक लिटरच्या 500 बंद डब्यांचे काम आले होते. डब्यात एक लिटर तेल मावले पाहिजे एवढीच गिऱ्हाइकाची अट होती. उंच-बुटकेपणाबद्दल त्याचे काही म्हणणे नव्हते. मामांनी मला विचारले, "पत्रे किती आणू?" मी वही काढली.

आधी पुस्तकातली रीत पाहू. डब्याची त्रिज्या r, उंची h आणि घनफळ V मानू. वरची आणि खालची अशा दोन चकत्यांना मिळून 2πr² इतका पत्रा लागतो. डब्याचे अंग उलगडले तर तो एक आयत होतो. त्याची लांबी 2πr आणि रुंदी h. घनफळ πr²h हे ठरलेले असल्यामुळे h च्या जागी V/πr² लिहिता येते. मग एकूण पत्रा असा होतो:

S = 2πr² + 2V/r

या समीकरणातली दोन पदे एकमेकांविरुद्ध ओढतात. त्रिज्या वाढवली की चकत्या मोठ्या होतात आणि पहिले पद वाढते. पण डबा बुटका होतो आणि दुसरे पद कमी होते. त्रिज्या थोडीशी वाढवून पाहावी. चकत्यांत जितका पत्रा जास्त गेला त्यापेक्षा अंगात जास्त वाचला, तर वाढवणे फायद्याचे. असे करता करता एक जागा अशी येते की जितके जास्त जाते तितकेच वाचते. तिथे थांबावे. अवकलज शून्य घेणे म्हणजे नेमके हेच:

dS/dr = 4πr − 2V/r² = 0

यावरून V = 2πr³ मिळते, आणि V = πr²h असल्यामुळे h = 2r. दुसरा अवकलज 4π + 4V/r³ हा नेहमी धन असतो, म्हणून ही जागा किमानाचीच आहे, कमालाची नव्हे. थोडक्यात, डबा जितका रुंद तितकाच उंच असावा.

एक लिटर म्हणजे 1000 घन सेंटिमीटर. त्यावरून त्रिज्या 5.42 सें.मी., उंची 10.84 सें.मी. आणि पत्रा 553.6 चौ. सें.मी. असे उत्तर आले. बाजारात मिळणारा 8 फूट बाय 4 फूट पत्रा सुमारे 29,730 चौ. सें.मी. भरतो. 500 डब्यांना 9.31 पत्रे लागतील, म्हणून मी ऐटीत सांगितले, "मामा, दहा आणा. त्यातही उरेल."

मामांनी दहा पत्रे आणले. पहिल्या आठ पत्र्यांतून 500 अंगे निघाली. उरलेले दोन पत्रे आणि कडेच्या पट्ट्या मिळून चकत्या निघाल्या 560. पाहिजे होत्या 1000. झाकण-बूड मिळून 280 डबे पुरे होत होते आणि 220 अंगे तशीच उघडी पडली होती. मामा रागावले नाहीत. त्यांनी जमिनीवरचे पत्र्याचे तिकोनी तुकडे पायाने एका बाजूला लोटले आणि विचारले, "तुझ्या हिशेबात ही कातरण कुठं आहे रे?"

ती कुठेच नव्हती. पुस्तकाने मला डब्याचे पृष्ठफळ विचारले होते; मामांनी मला पत्रा विचारला होता. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला त्या कातरणीने शिकवले.

गोल चकती कापायची तर मामा आधी मोठ्या कात्रीने चौकोन पाडतात आणि मग कोपरे उडवतात. त्रिज्या r असलेल्या चकतीला 2r बाजूचा चौकोन, म्हणजे 4r² पत्रा लागतो. πr² कामी येतो आणि शेकडा साडेएकवीस भाग कोपऱ्यांत जातो. त्या रात्री मी समीकरण पुन्हा मांडले. दोन चौकोन मिळून 8r², अंगाचे पद पूर्वीचेच:

A = 8r² + 2V/r

अवकलज 16r − 2V/r² शून्य घेतला की r³ = V/8. V = 1000 घातले तर r³ = 125, म्हणजे त्रिज्या बरोबर 5 सें.मी.! उंची येते 12.73 सें.मी. आणि पत्रा 200 + 400 = 600 चौ. सें.मी. वाया जाणारे कोपरे चकत्यांच्या खात्यावर मांडल्याबरोबर चकत्या महाग झाल्या, आणि डबा आपोआप सडपातळ व उंच झाला. रीत तीच, कलन तेच. बदलले ते एवढेच की काय मोजायचे.

पण एवढ्यानेही भागत नाही. डबा जोडायचा तर कडा दुमडाव्या लागतात. मामांना विचारून मी प्रत्येक चकतीला चहूबाजूंनी अर्धा सें.मी., अंगाच्या उंचीत एकूण अर्धा सें.मी. आणि उभ्या जोडासाठी एक सें.मी. धरला. मग एकूण पत्रा होतो 8(r + 0.5)² + (2πr + 1)(h + 0.5). याचे किमान सूत्राने काढणे किचकट आहे, म्हणून वेगवेगळ्या त्रिज्या घालून पाहिल्या. पुस्तकातल्या 5.42 त्रिज्येला 677.7 चौ. सें.मी. लागतात, 5 ला 670.9, 4.9 ला 670.6, 4.8 ला 670.8 आणि 4.5 ला 674.8. किमान 4.9 च्या आसपास आहे.

हे आकडे पाहताना मला दुसरा धक्का बसला. माझ्या पहिल्या डब्यात आणि सर्वांत काटकसरीच्या डब्यात फरक डब्यामागे फक्त 7 चौ. सें.मी.चा, म्हणजे शेकडा एकाचा आहे. खरी चूक आकाराची नव्हतीच. कातरण आणि दुमड न धरता 677.7 च्या जागी मी 553.6 सांगितले, ती खरी चूक होती.

किमानाजवळ फरक इतका थोडा का पडतो, याचे कारण अवकलजातच आहे. तो तिथे शून्य असतो, म्हणजे आलेखाचा तळ सपाट असतो. डोंगर उतरून खाली आल्यावर खोऱ्यात दहा पावले इकडेतिकडे झाली तरी उंचीत फारसा फरक पडत नाही, तसेच हे. जर्मन ज्योतिर्विद केपलर याला ही गोष्ट दारूच्या पिंपांचा विचार करताना जाणवली. 1613 साली लिंझ येथे दुसऱ्या लग्नासाठी त्याने दारू घेतली, तेव्हा व्यापाऱ्याची पिंप मोजण्याची पद्धत त्याला पटली नाही. त्यातून 1615 साली पिंपांच्या घनफळावर त्याचे पुस्तक झाले. कमालाच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीला पडणारा फरक जाणवण्याइतका नसतो, असे त्याने त्यात नोंदवले. तेव्हा न्यूटनचा जन्मही झाला नव्हता.

मग त्रिज्या निवडायची कशावरून? इथे तिसरी गोष्ट पुढे आली. दुकानात पत्रा चौरस सेंटिमीटरने मिळत नाही, अख्खा मिळतो. 4.9 आणि 5 यांत क्षेत्रफळाने जवळजवळ काहीच फरक नाही. पण 5 त्रिज्येचा चौकोन 11 सें.मी.चा होतो आणि 4 फुटांत, म्हणजे 121.9 सें.मी.त, असे अकरा चौकोन बरोबर बसतात. लांबीत बावीस बसतात. एका पत्र्यात 242 चकत्या झाल्या. अंगे एका पत्र्यात 63 निघतात आणि कडेला उरणाऱ्या पट्टीतून आणखी 11 चकत्या. आठ पत्रे अंगांसाठी आणि चार चकत्यांसाठी असे बारा पत्र्यांत 500 डबे पुरे होतात. 4.9 त्रिज्या घेतली तर एका पत्र्यात 56 च अंगे बसतात, आणि अंगांनाच आठाऐवजी नऊ पत्रे लागतात. माझ्या पुस्तकी डब्याला 13 पत्रे लागले; मामांना तीन पत्रे नव्याने आणावे लागले आणि टेंपोचे भाडे पुन्हा द्यावे लागले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चकत्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या, एका ओळीच्या खाचेत दुसरी ओळ अशा आखल्या, तर वाया जाणारा भाग शेकडा साडेनवापेक्षाही कमी होतो. दुमड सोडली तर तेव्हा उंची त्रिज्येच्या सुमारे 2.2 पट येते, म्हणजे पुस्तकाच्या उत्तराच्या बरीच जवळ. तशा आखणीत पुस्तकी डबाही बारा पत्र्यांत बसला असता, हे मी नंतर कागदावर करून पाहिले. पण मग सरळ कात्रीने भराभर चौकोन पाडता येत नाहीत. एकेक चकती हाताने वळवून कापावी लागते. पत्रा वाचतो आणि दिवस जातो. मामांच्या हिशेबात मजुरीही असते.

आता रस्त्याने जाताना माझी नजर डब्यांवर आणि पिंपांवर जाते. तळोजे एमआयडीसीकडे जाणाऱ्या ट्रकांवर 200 लिटरची लोखंडी पिंपे दिसतात. अशा पिंपाचा आतला व्यास साधारण 57 सें.मी. आणि उंची 85 सें.मी. असते, म्हणजे उंची व्यासाच्या जवळजवळ दीडपट. पूर्वी मी म्हटले असते की करणाऱ्याला गणित येत नव्हते. हिशेब केला तर "आदर्श" आकारापेक्षा त्याचे पृष्ठफळ शेकडा पावणेदोन इतकेच जास्त निघते. त्या बदल्यात गोल जोडाची लांबी कमी होते आणि पिंप आडवे करून लोळवायला बरे पडते. खोऱ्याचा तळ सपाट आहे, म्हणून कारागिराला एवढी मोकळीक घेता येते.

पुढच्या कामाच्या वेळी मामांनी पुन्हा मलाच विचारले. या वेळी मी वही काढण्याआधी त्यांच्याकडून पत्र्याचे माप, कात्रीची रीत आणि दुमडीची रुंदी विचारून घेतली.